रोगाचं नाव राहू द्या, क्रियापद बदला

‘रोज 12 सूर्यनमस्कार करा, गुडघेदुखी मुळापासून घालवा | संधिवातावर रामबाण उपाय’ असं शीर्षक ताईंनी व्हिडिओसोबत पाठवलं होतं. ताई सांगलीत विश्रामबागेत योगवर्ग घेतात. वर्गात बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका असतात आणि त्यातल्या अनेकींना जमिनीवर गुडघा टेकवता येत नाही. त्यांच्यासाठी ताईंनी खुर्चीच्या आधाराने करायचा सूर्यनमस्कार बसवला आणि त्याचा 18 मिनिटांचा व्हिडिओ केला. व्हिडिओ नीट पाहिला तर त्यात कुठेही घाई नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हलकी प्लॅस्टिकची खुर्ची नको, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका, दुखलं की तिथेच थांबा, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. व्हिडिओत काळजी आणि शीर्षकात रामबाण, असा हा प्रकार होता.

सातारा आणि सांगली भागातल्या योगशिक्षकांच्या व्हिडिओंचा मेटाडेटा मी लिहून देते. मेटाडेटा म्हणजे व्हिडिओभोवतीचा सगळा मजकूर: शीर्षक, वर्णन, त्यातल्या वेळांच्या खुणा, टॅग, थंबनेलवरची अक्षरं, सबटायटल. व्हिडिओ उघडण्याआधी माणूस हेच वाचतो, आणि तो कुणासमोर ठेवायचा हे ठरवताना यूट्यूबसुद्धा यातूनच बरंचसं उचलतं. व्हिडिओत एकही खोटा शब्द नसला तरी या मजकुरातून खोटी गोष्ट पसरू शकते, कारण शीर्षक वाचून पुढे गेलेली माणसं व्हिडिओ पाहणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात. ‘सूर्यनमस्काराने संधिवात जातो’ एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं.

शीर्षक बदलू या म्हटल्यावर ताईंनी लगेच विचारलं, “अगं, लोक शोधतात तेच मुळी ‘गुडघेदुखी’ लिहून. तो शब्द काढलास तर माझा व्हिडिओ दिसणार कुणाला? ज्यांच्यासाठी केलाय त्यांनाच दिसणार नाही.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. दाव्यांची भीती वाटली की बरेच जण सरसकट सगळी आजारांची नावं खोडतात आणि ‘सकाळची प्रसन्न योगसाधना’ असलं काहीतरी लिहितात. असं शीर्षक कुणी शोधत नाही. गुडघे दुखणारी बाई रात्री मोबाइलवर ‘गुडघे’ हाच शब्द टाकणार, आणि तिला मग ज्यांनी ‘7 दिवसांत गुडघेदुखी गायब’ लिहिलंय तेच व्हिडिओ मिळणार. काळजीने काम करणारा माणूस शोधातून बाहेर पडला की ती जागा बेफिकीर माणूस भरतो. म्हणून ‘गुडघे’ हा शब्द ठेवायचाच होता. प्रश्न एवढाच होता की त्या शब्दाने कुठलं काम करायचं.

मराठीत हा दावा फार छोट्या ठिकाणी लपून बसतो. ‘घालवा’, ‘बरा करा’, ‘मुळापासून’, ‘रामबाण’, ‘कायमचा’ हे उघड शब्द आहेत आणि ते पहिल्या वाचनातच जातात. त्यानंतर उरतात ते प्रत्यय. ‘गुडघेदुखीवर व्यायाम’ म्हटलं की ‘खोकल्यावर औषध’ची चाल येते, म्हणजे व्यायाम त्या दुखण्याला मारून टाकणार. ‘गुडघेदुखीसाठी योग’ त्यापेक्षा जरा सौम्य, पण वाचणारा त्याचाही अर्थ उपाय असाच घेतो. ‘गुडघे दुखत असताना सूर्यनमस्कार’ म्हटलं की मात्र चित्र पालटतं. आता दुखणं ही पाहणाऱ्याची स्थिती झाली आणि सूर्यनमस्कार ही त्या स्थितीत करायची गोष्ट. तोच ‘गुडघे’ शब्द शोधाला तितकाच सापडतो आणि दावा मात्र उरत नाही. माझी कसोटी साधी आहे. वाक्यात आजाराचं नाव सापडलं की मी त्याचं क्रियापद शोधते. क्रियापद आजाराला काही करत असेल, म्हणजे घालवत, कमी करत, थांबवत असेल, तर तो दावा झाला आणि त्याला पुरावा हवा. क्रियापद माणसाने काय करायचं ते सांगत असेल, म्हणजे जपायचं, बसायचं, टाळायचं, तर ती माहिती झाली.

या कसोटीलाही मर्यादा आहे. थंबनेलवर लाल रंगात सुजलेला गुडघा, शेजारी हिरव्या बरोबरच्या खुणेसह हसरा चेहरा, आणि मध्ये बाण, असं चित्र लावलं तर एकही क्रियापद न लिहिता दावा पूर्ण होतो. वजनाच्या व्हिडिओंवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो त्याच जातीचे. म्हणून थंबनेलही शीर्षकासारखंच वाचावं लागतं. ताईंच्या थंबनेलसाठी आम्ही त्यांचाच खुर्चीवर हात टेकवून मागे पाय नेलेला फोटो घेतला आणि त्यावर ‘गुडघा न टेकवता’ एवढेच शब्द टाकले. व्हिडिओत खरंच तेच आहे, आणि ते पाच मिनिटांत पडताळताही येतं.

ताईंनी कायद्याचंही विचारलं, कारण वर्णनाच्या शेवटी त्यांना वर्गाची फी आणि वेळ द्यायची होती. तिथे व्हिडिओ नुसती हौस राहत नाही, तो एका सेवेची जाहिरात होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून 2022 मध्ये आली. त्यातलं एक कलम मी प्रत्येक शिक्षकाला वाचून दाखवते: खालच्या टिपेने वरचा दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करता येत नाही, आणि टीप दाव्याच्याच भाषेत हवी. म्हणजे वर मराठीत ‘मधुमेह मुळापासून’ आणि खाली बारीक इंग्रजीत ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ ही जी पद्धत सर्वत्र दिसते, ती दोन्ही बाजूंनी चुकते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑगस्ट 2023 मध्ये आरोग्य आणि व्यायामाबद्दल बोलणाऱ्यांसाठी आणखी तत्त्वं आली. नियमित व्यायाम करा, पुरेसं झोपा अशा सर्वसाधारण सांगण्याला त्यात मोकळीक आहे. पण ते एखाद्या ठरावीक आजाराकडे, परिणामाकडे किंवा एखाद्या वस्तू-सेवेकडे रोखलेलं असेल तर ती मोकळीक राहत नाही. ज्यांच्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आहे त्यांनी ते सांगायचं, हेही त्यातच आहे. ताईंकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र होतं आणि त्यांनी ते कुठेच लिहिलं नव्हतं. खरी गोष्ट लपलेली आणि नसलेली गोष्ट ठळक, असं बहुतेक व्हिडिओंचं होतं.

याखेरीज माझ्या टेबलावर एक जुनी यादी असते. 1954 चा औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आसनांसाठी केलेला नाही, पण त्याच्या परिशिष्टात 54 आजार आणि अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, कमी-जास्त रक्तदाब, संधिवात, हृदयविकार, काचबिंदू, गलगंड, अगदी उंची वाढवणंसुद्धा त्यात आहे. योगाच्या व्हिडिओंच्या शीर्षकांत जे शब्द सर्रास येतात त्यांच्याशी ही यादी विलक्षण जुळते. त्यातला शब्द शीर्षकात दिसला की मी थांबते आणि क्रियापद दोनदा वाचते.

शेवटी ताईंचं शीर्षक असं झालं:

```
गुडघे जपत सूर्यनमस्कार | खुर्चीच्या आधाराने, 18 मिनिटं | Surya Namaskar Marathi
```

यूट्यूबवर शीर्षकाला 100 चिन्हांची मर्यादा आहे आणि मराठीत ती दिसते त्याहून लवकर संपते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘सूर्यनमस्कार’ आपल्याला सहा अक्षरांचा वाटतो, मोजणीत तो 12 चिन्हांचा भरतो. वरचं शीर्षक 79 चिन्हांचं आहे. पण खरी मर्यादा 100 ची नाहीच. मोबाइलवरच्या यादीत शीर्षकाचा शेवट बहुधा कापला जातो. म्हणून शोधाचे दोन शब्द, ‘गुडघे’ आणि ‘सूर्यनमस्कार’, आधी आले. ‘खुर्ची’ दुसऱ्या तुकड्यात आली, कारण हा व्हिडिओ बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे तो त्याच शब्दाने. रोमन लिपीतला तुकडा शेवटी गेला. मराठी माणूस शोध घेताना बऱ्याचदा मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतो, त्यामुळे तो हवाच, पण तो कापला गेला तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही.

वर्णनाला 5000 चिन्हं मिळतात. त्यातल्या पहिल्या एक-दोन ओळीच शोधाच्या यादीत आणि व्हिडिओखाली दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. बहुतेक शिक्षक या सोन्यासारख्या जागेत ‘नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे’ लिहितात. आम्ही लिहिलं:

“गुडघे दुखत असतील किंवा जमिनीवर टेकवणं जमत नसेल, तर खुर्चीच्या आधाराने सूर्यनमस्कार कसा करायचा ते या 18 मिनिटांत दाखवलं आहे. हा व्यायाम आहे, गुडघ्याच्या आजारावरचा उपचार नाही.”

दुसरं वाक्य पहिल्याला चिकटून यावं, असा माझा आग्रह असतो. तळाशी गेलेली सूचना कुणी वाचत नाही, आणि वर आली की तिचा धाक न वाटता ती सरळ माहितीसारखी वाचली जाते. ताईंना ‘उपचार नाही’ हे शब्द जरा रुक्ष वाटले. मग मी त्यांना विचारलं, “वर्गात नवी बाई आली तर तुम्ही तिला काय सांगता?” त्या म्हणाल्या, “सांगते की डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, हे त्याच्या जोडीला.” तेच वाक्य जसंच्या तसं तिसऱ्या ओळीत घेतलं. शिक्षकांची बोली अशा वेळी कायदेशीर टिपांपेक्षा नेहमी सरस ठरते, कारण ती खऱ्या माणसाला उद्देशून घडलेली असते.

त्यापुढे कुणी थांबावं, ही ओळ. इथे ‘गंभीर आजार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढं लिहून भागत नाही. असं वाक्य सगळ्यांना लागू होतं म्हणून कुणालाच लागू होत नाही. ज्या माणसाने थांबायचं त्याला स्वतःची ओळख पटेल असं लिहावं लागतं: गुडघा सुजला असेल, हाताला गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा नुकताच मार लागला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी करू नका, व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. आणि काचबिंदूची ओळ. तिच्याबद्दल ताईंनाही आश्चर्य वाटलं, कारण गुडघ्याच्या व्हिडिओत डोळा कुठून आला? तो पर्वतासनातून आला. डोकं खाली आणि कंबर वर अशी ती स्थिती असते. 2015 साली न्यूयॉर्कच्या एका नेत्र रुग्णालयातल्या संशोधकांनी डोकं खाली असलेल्या चार आसनांत डोळ्यांतला दाब मोजला. सर्वांत जास्त वाढ याच स्थितीत दिसली, सरासरी सुमारे 10 मिलिमीटर पारा. आसन सोडल्यावर दाब लवकरच खाली आला, आणि निरोगी माणसांतही अशीच वाढ झाली. पण ज्याच्या डोळ्याची नस आधीच काचबिंदूने कमकुवत झाली आहे, त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ही स्थिती करावी, किंवा हात खुर्चीच्या बैठकीऐवजी पाठीच्या वरच्या कडेवर ठेवून डोकं वरच राखावं. हा बदल ताईंनी तिथल्या तिथे सुचवला आणि तोही वर्णनात गेला. साठीच्या आसपासच्या बायका हा व्हिडिओ पाहणार आहेत, आणि काचबिंदू त्याच वयात वाढतो.

वर्णनातच वेळांच्या खुणा येतात. पहिली 0:00 ची हवी, किमान तीन हव्यात, चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा हवा; यातलं एक जरी चुकलं तर व्हिडिओखालच्या पट्टीवर तुकडे दिसत नाहीत. आमच्या अशा होत्या:

```
0:00 हा व्यायाम कुणी करावा, कुणी थांबावं
1:40 खुर्ची कशी ठेवायची
3:10 दहा स्थिती, एकेक करून
9:30 सहा सूर्यनमस्कार सलग
15:20 श्वास शांत होईपर्यंत बसणं
```

या खुणाही शोधाच्या कामी येतात, आणि इथे दावा करायला जागाच नसते. ‘खुर्ची कशी ठेवायची’ हे वाक्य खरंच आहे. मला तर मेटाडेटातला हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो. पाहणाऱ्याला पुन्हा नेमक्या जागी परत येता येतं, आणि रोज व्हिडिओ लावून व्यायाम करणाऱ्यांना 9:30 पासूनच हवं असतं.

टॅगबद्दल शिक्षकांच्या मनात फार मोठ्या अपेक्षा असतात. सगळे मिळून 500 चिन्हांची जागा आहे, म्हणून ती आजारांच्या नावांनी भरून टाकायची असा रिवाज पडला आहे. खुद्द यूट्यूबच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा असतो. जो शब्द लोक नेहमी चुकीचा लिहितात तिथे त्यांचा उपयोग होतो. मराठीत हीच तर अडचण आहे. ‘सूर्यनमस्कार’ला अर्धे लोक ऱ्हस्व ‘सु’ देतात, काही जण मध्ये जागा सोडतात. शीर्षकात मी अशुद्ध लिहिणार नाही, पण टॅगमध्ये ते आलंच पाहिजे:

```
सुर्यनमस्कार, सूर्य नमस्कार, suryanamaskar, surya namaskar marathi,
खुर्चीवर योग, chair surya namaskar, गुडगे, gudghe dukhat asel tar
```

‘गुडगे’ हे आपल्याकडे बोलतात तसं लिहिलेलं रूप आहे आणि ते तसं टाइप करणारी माणसं आहेत. ‘मधुमेह’, ‘थायरॉईड’, ‘पीसीओडी’ हे ताईंच्या जुन्या यादीतले शब्द मी काढले, कारण व्हिडिओत त्यांच्याबद्दल काहीच नाही. व्हिडिओशी संबंध नसलेले शब्द मेटाडेटात भरणं यूट्यूबच्या नियमांतही दिशाभूलच ठरतं, आणि तीच यादी वर्णनात ओतली तर व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

गुडघ्याच्या बाबतीत शब्दांवर निभावतं. वजनाच्या बाबतीत मात्र आकडे घेऊन बसावं लागतं. साताऱ्यातले एक सर पहाटे मुलांकडून सूर्यनमस्कार करून घेतात. त्यांचं शीर्षक होतं, ‘रोज 15 मिनिटं सूर्यनमस्कार, 10 दिवसांत 5 किलो वजन कमी’. त्यांना हे खोटं वाटत नव्हतं, कारण एका मुलाचं वजन खरंच भराभर उतरलं होतं. मी त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 किलोकॅलरी. पाच किलोच्या 38,500 झाल्या, म्हणजे दिवसाला 3850. आता 60 किलो वजनाचा माणूस घ्या. व्यायामांच्या ऊर्जेची जी आंतरराष्ट्रीय सूची संशोधक वापरतात, तिच्या 2011 च्या आवृत्तीत सूर्यनमस्काराला नुसतं बसून राहण्याच्या 3.3 पट ऊर्जा लागते असं धरलं आहे. त्या हिशेबाने 15 मिनिटांत जवळजवळ 50 किलोकॅलरी खर्च होतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्ध्या तासाला 230 आल्या, म्हणजे 15 मिनिटांना 115. पण त्यात फक्त सहा जण होते, सगळे तरुण आणि दोन वर्षांहून जास्त सराव असलेले. हा मोठा आकडा धरला तरी रोज 3850 किलोकॅलरींसाठी आठ तासांहून जास्त सूर्यनमस्कार घालावे लागतील. लहान आकडा धरला तर एकोणीस तास.

सर बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “त्या पोरानं जेवण पण सोडलं होतं रात्रीचं.” पहिल्या काही दिवसांत काट्यावर उतरतं त्यात पाण्याचाही मोठा वाटा असतो, हे मी सांगितलं. मग त्यांचा प्रश्न तोच, ताईंचाच: ‘वजन’ काढलं तर बघणार कोण? काढायचं नव्हतंच. वजनाबद्दल लोकांना जे खरंच जाणून घ्यायचं असतं तेच शीर्षकात प्रश्न म्हणून आलं: ‘वजन कमी करताना सूर्यनमस्कार: 15 मिनिटांत किती कॅलरी जातात?’ आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत उत्तर: 60 किलोच्या माणसाच्या साधारण 50 ते 115, वेगावर अवलंबून, एकट्या व्यायामाने वजन भराभर उतरत नाही, जेवणाचाही विचार करावा लागतो. उत्तर पहिल्याच ओळीत दिलं तर व्हिडिओ कोण उघडेल, असं सरांना वाटलं. माझं मत उलट आहे. आकडा वाचून ज्याला ‘एवढेच?’ वाटतं तो उघडत नाही, आणि त्याने उघडून पहिल्या अर्ध्या मिनिटात पळून जाण्यापेक्षा ते बरं. यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखावर किती लोक तिसाव्या सेकंदापर्यंत टिकले ते स्वच्छ दिसतं. वचन देणाऱ्या शीर्षकांचा आलेख तिथे कड्यासारखा कोसळतो, आणि असे व्हिडिओ यूट्यूब पुढे फारसे सुचवत नाही.

पुराव्याने जिथे खरंच काही दिलंय तिथे ते लिहायला मी कचरत नाही. बरेच महिने चाललेल्या कंबरदुखीबद्दल 2017 साली कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला. 12 चाचण्या, 1080 माणसं. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांना हालचालीत तीन आणि सहा महिन्यांनी थोडा ते मध्यम फरक दिसला; काही जणांची कंबर योगामुळे जास्तही दुखली. म्हणून कंबरेच्या व्हिडिओत ‘कंबरदुखीत योगाने काही महिन्यांत थोडा फरक पडू शकतो, असं अभ्यासांत दिसलं आहे; काहींचं दुखणं वाढतंही’ असं मी लिहिते. ‘काही महिन्यांत’ आणि ‘थोडा’ हे दोन शब्द शिक्षक हमखास खोडायला सांगतात. ते खोडले की उरलेलं वाक्य अभ्यासाचं राहत नाही.

या भागात सूर्यनमस्काराच्या व्हिडिओला शोधाचा आणखी एक रास्त शब्द आहे आणि तो फार कमी जण वापरतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि 1938 साली लंडनमधून लुईस मॉर्गन यांच्या संपादनाखाली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या नावात ‘दहा’ आहे, औंधच्या पद्धतीतल्या दहा स्थितींवरून, आणि ‘आरोग्य’ आहे. एकाही आजाराचं नाव नाही. आतला मजकूर एका निष्ठावान उपासकाचा आहे, चाचण्यांचा नाही, पण शीर्षक म्हणून ते आजही कसोटीला उतरतं: किती पायऱ्या आणि कुठल्या दिशेने, एवढंच ते सांगतं. औंध साताऱ्यात, तर त्याच संस्थानची आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. त्यामुळे ‘औंध पद्धतीचा दहा स्थितींचा सूर्यनमस्कार’ हे शब्द या दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना शोभतात. ‘बारा स्थिती’ शिकवणाऱ्यांपासून त्यांचा व्हिडिओ त्याने वेगळा कळतो. फक्त ‘औंध, जि. सातारा’ असं पूर्ण लिहावं लागतं. नुसतं ‘औंध’ लिहिलं की पुण्यातलं औंध समोर येतं आणि तिथल्या योगवर्ग शोधणाऱ्या माणसाला हा व्हिडिओ मिळतो, जो त्याला नको असतो.

ताईंचा व्हिडिओ चढवून काही आठवडे झाल्यावर आम्ही शोधातून आलेल्या शब्दांची यादी उघडली. ‘gudghedukhi var upay’ या शब्दांनी फारसं कुणी आलं नव्हतं. तिथे मोठ्या चॅनेलांची गर्दी आहे आणि तिथे आम्ही टिकणारही नव्हतो. लोक आले होते ते ‘खुर्चीवर सूर्यनमस्कार’, ‘गुडघे दुखत असतील तर सूर्यनमस्कार करावा का’ अशा लांब, प्रश्नासारख्या शोधांनी. ते थोडे होते आणि बराच वेळ थांबत होते. शीर्षकाला हात लावायचा नाही असं ठरलं. आठवड्याला शीर्षक बदललं की कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं.

राहिलं होतं ते सबटायटल. यंत्राने दिलेल्या मजकुरावर मी विसंबत नाही, मराठीत ‘श्वास’चं काहीही होतं. म्हणून व्हिडिओ थांबवत थांबवत सगळं हाताने लिहीत होते. सहा सूर्यनमस्कार चालू असताना, साधारण तेराव्या मिनिटाला, ताई धापा टाकत हसून म्हणतात, “करत राहा, संधिवात पण पळून जातो बघा.” वर्गातल्या बायकांना हुरूप द्यायला त्या नेहमीच असं म्हणत असणार. शीर्षक, वर्णन, थंबनेल सगळं स्वच्छ करूनही दावा बोलण्यात शिल्लक होता, आणि सबटायटलमध्ये लिहिला की तो शोधातही आला असता. सबटायटलमधून तेवढंच वाक्य गाळणं हा पर्याय नव्हता. ते ऐकू येतंच. ताईंना फोन केला. त्यांनी ती जागा ऐकली आणि म्हणाल्या, “काप ते.” स्टुडिओतच मधला तुकडा कापता येतो, व्हिडिओचा पत्ता आणि आधीचे व्ह्यूज कायम राहतात. नऊ सेकंद गेले. त्यापुढची वेळेची खूण मग 15:20 ची 15:11 केली, आणि सबटायटलच्या पुढच्या सगळ्या वेळा नऊ सेकंदांनी मागे घेतल्या.